‘लाल दिवा लागूनही गाडी चालवली’ म्हणून क्लेम नाकारला, तर विमा कंपनीला तक्रारपत्र कसं लिहावं

माझ्या मेहुण्याला विमा कंपनीकडून आलेलं पत्र दोन पानी होतं, पण त्यातलं कामाचं वाक्य एकच होतं. इंजिन ऑइलचा इशारा देणारा दिवा लागूनही विमाधारकाने वाहन चालवत ठेवलं, त्यामुळे इंजिनाचं नुकसान हे परिणामी नुकसान ठरतं आणि ते देय नाही. फुटलेल्या ऑइल पॅनचे चौदा हजार मंजूर, इंजिनाच्या कामाचे एक लाख शहाऐंशी हजार नामंजूर.

मी काही वर्षं एका वर्कशॉपमध्ये क्लेमचं टेबल सांभाळलं आहे. अशी पत्रं तेव्हाही यायची आणि गिऱ्हाईक दोनपैकी एक काहीतरी करायचं. एक तर चिडून चार पानी उत्तर लिहायचं, ज्यात दहा वर्षं प्रीमियम भरल्याचा हिशोब असायचा आणि दिव्याबद्दल एक ओळ नसायची. नाही तर ‘कंपनीपुढे आपलं काय चालणार’ म्हणून पॅनचे पैसे घेऊन गप्प बसायचं. मेहुण्याच्या प्रकरणात आम्ही तिसरी वाट धरली. तीच इथे क्रमाने सांगतो.

प्रसंग काय होता

मार्च महिना. पुण्याहून ताम्हिणी घाटाने माणगावकडे उतरताना संध्याकाळी एका वळणावर रस्त्यात पडलेला दगड गाडीखाली आला. मोठा आवाज झाला, पण गाडी नीट चालत होती. मागे ट्रक, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला कठडा. थोडं पुढे गेल्यावर लाल दिवा लागला. मेहुण्याने वेग कमी केला आणि बाजूला घ्यायला जागा दिसताच गाडी घेतली, तोवर इंजिनातून खडखड येऊन गाडी बंद पडली होती. त्याने लगेच रोडसाइड असिस्टन्सला फोन लावला. पॉलिसीवर इंजिन प्रोटेक्शनचं जादा कव्हर होतं.

वर्कशॉपच्या अॅडव्हायजरने क्लेम फॉर्म मेहुण्याला विचारत विचारत स्वतःच भरला आणि घटनेच्या रकान्यात लिहिलं: ‘नीचे पत्थर लगा, ऑइल लाइट ऑन हुई, थोडी देर बाद गाडी बंद हुई.’ मेहुण्याने सही केली. पुढचं सगळं प्रकरण त्या ‘थोडी देर’ वर उभं राहिलं.

आधी कागद, मग पत्र

पत्र लिहायला बसण्याआधी पाच गोष्टी हातात हव्यात. नाकारल्याचं मूळ पत्र किंवा ईमेल, पॉलिसीचं पूर्ण शर्तपत्रक, नुकसान तपासायला कंपनीने नेमलेल्या सर्व्हेअरचा अहवाल, तुम्ही सही केलेल्या क्लेम फॉर्मची प्रत आणि वर्कशॉपचं जॉब कार्ड फोटोंसकट.

यातल्या दोन गोष्टींवर लोक हमखास अडखळतात. आपल्याकडे असते ती पॉलिसी म्हणजे पहिली दोन पानं, नाव, गाडी नंबर आणि प्रीमियम असलेली. शर्ती त्यात नसतात. त्या कंपनीच्या वेबसाइटवर वेगळ्या मिळतात, आणि इंजिनाच्या जादा कव्हरच्या शर्ती तर त्याहून वेगळ्या फाइलमध्ये असतात. ही दोन्ही कागदपत्रं उतरवून घ्या. दुसरी गोष्ट सर्व्हेअरच्या अहवालाची. तो आपण होऊन कोणी देत नाही. ईमेलने लेखी मागायचा, क्लेम नंबर घालून, आणि मागितल्याची तारीख जपून ठेवायची. दिला तर त्यात काय निरीक्षण आहे ते कळतं, नाही दिला तर पुढच्या तक्रारीत तोच एक मुद्दा होतो.

आणि एक गोष्ट आजच करा. वर्कशॉपला लेखी सांगा की काढलेली क्रँक, बेअरिंग आणि फुटलेला ऑइल पॅन भंगारात टाकू नका, आणि गाडीच्या कंप्युटरमधले कोड आमच्या परवानगीशिवाय पुसू नका. सुटे भाग गेले की पुरावा गेला, मग पत्र कितीही चांगलं लिहा.

कंपनीचं म्हणणं नेमकं कशावर उभं आहे

खासगी गाडीच्या पॅकेज पॉलिसीत, मग कंपनी कुठलीही असो, एक शर्त जवळपास त्याच शब्दांत असते. मतलब असा की विमाधारकाने गाडी सुरक्षित ठेवण्यासाठी वाजवी काळजी घ्यावी, आणि अपघात किंवा बिघाड झाल्यावर दुरुस्ती न करता गाडी चालवली तर त्यामुळे वाढलेलं नुकसान त्याच्या स्वतःच्या जोखमीवर राहील. याशिवाय परिणामी नुकसान, म्हणजे अपघाताने थेट न होता त्याच्या मागून ओढवलेलं नुकसान, आणि यांत्रिक बिघाड हे मूळ पॉलिसीतून वगळलेले असतात. इंजिनाचं जादा कव्हर घेतात ते याच भोकाला ठिगळ म्हणून. गाडीच्या खालच्या भागाला मार लागून ऑइल गळालं आणि त्याने इंजिन गेलं, तर ते भरून मिळावं हा त्याचा हेतू. शब्दरचना प्रत्येक कंपनीची निराळी असते, म्हणून तुमच्या प्रतीतलं वाक्य शोधून त्याच्याखाली रेघ मारा. जादा कव्हर नसेल तर इंजिनापुरता तुमचा दावा बराच लंगडा आहे, हे आधीच ओळखून चाला.

आता नीट बघा. ‘दिव्याकडे दुर्लक्ष केलं’ हे ऐकायला एक वाक्य आहे, पण त्यात तीन वेगवेगळी विधानं आहेत. पहिलं, दिवा अमुक वेळी लागला. दुसरं, चालकाला तो दिसला आणि थांबणं शक्य असूनही तो गाडी चालवत राहिला. तिसरं, त्या जास्तीच्या चालवण्यानेच इंजिन गेलं, नाही तर वाचलं असतं. तिन्ही खरी ठरली तरच ‘वाढलेलं नुकसान’ हा शब्द लागू होतो. आणि वगळणीच्या कलमाचा आधार घेणाऱ्यानेच ते लागू होतं हे सिद्ध करायचं असतं. सर्वोच्च न्यायालयाने नरसिंह इस्पात विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या 2022 च्या निकालात हे पुन्हा सांगितलं आहे. त्यामुळे तुमच्या पत्राचं काम ‘मी दुर्लक्ष केलं नाही’ असं शपथेवर सांगण्याचं नाही. तीन विधानांपैकी कुठलं कशाच्या आधारे केलं आहे ते विचारायचं, आणि जिथे तुमच्याकडे पुरावा आहे तिथे तो ठेवायचा.

दिवा: इथे सर्वांत जास्त वेळ घालवा

सर्व्हेअरच्या अहवालात एक फोटो होता. डॅशबोर्ड, त्यावर लाल ऑइलचा दिवा लागलेला, खाली ओळ: इशारा सक्रिय असल्याचं आढळलं. मेहुणा तो फोटो बघून हबकलाच. मी त्याला फोटोतला दुसरा काटा दाखवला. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा शून्यावर होता.

बहुतेक गाड्यांत चावी ‘ऑन’ केली आणि इंजिन सुरू नसलं, की ऑइलचा लाल दिवा लागतोच. लागायलाच हवा. इंजिन फिरत नाही म्हणजे ऑइल पंप फिरत नाही, म्हणजे दाब शून्य, म्हणजे दिवा. तुमच्या चांगल्या गाडीतही उद्या सकाळी चावी अर्धी फिरवून बघा. जाम झालेलं इंजिन सुरू होणारच नसतं, त्यामुळे वर्कशॉपमध्ये आठवड्याने काढलेल्या अशा फोटोत तो दिवा दिसणारच. तो फोटो घाटात त्या संध्याकाळी काय झालं याबद्दल काहीही सांगत नाही. आपल्या अहवालात असा फोटो असेल तर फेऱ्यांचा काटा आणि फोटोची तारीख पत्रात आवर्जून नोंदवा.

दुसरी गोष्ट, हा दिवा ऑइलच्या पातळीचा नसतो, दाबाचा असतो. चालू इंजिनात दाब साधारण दोन ते चार बार असतो, आणि दिव्याचं बटण तो जवळपास अर्ध्या बारच्या किंवा त्याहूनही खाली गेल्यावर चालू होतं. पेट्रोल संपत आल्याचा दिवा लागला की पंप गाठेपर्यंत सवड मिळते. ऑइलचा लाल दिवा तसली पूर्वसूचना देत नाही. तो लागतो तेव्हा बेअरिंगमधलं ऑइल जवळजवळ गेलेलंच असतं. पॅन फुटल्यावर आतलं तीन-चार लिटर ऑइल रस्त्यावर सांडत असतं, आणि पंपाची नळी उघडी पडेपर्यंत दाब टिकून राहतो. मग एकदम पडतो. त्यामुळे दिवा लागणं आणि इंजिन खडखडणं यांत मिनिटं नव्हे, कधी कधी काही सेकंदच जातात.

तिसरी गोष्ट रंगाची. अहवालात नुसतं ‘इंजिन वॉर्निंग लाइट’ लिहिलं असेल तर कुठला दिवा, हे विचारा. लाल ऑइलचा दिवा आणि पिवळा इंजिनाच्या आकृतीचा दिवा यांत जमीनअस्मानाचं अंतर आहे. पिवळा दिवा बहुधा प्रदूषण किंवा सेन्सरच्या बिघाडाचा असतो, आणि पुष्कळ गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये त्यासाठी जपून चालवत वर्कशॉपला न्या असंच सांगितलेलं असतं. तुमच्या मॅन्युअलचं ते पान पत्राला जोडा. मात्र लाल दिव्यासाठी तेच मॅन्युअल सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करा म्हणतं. ‘सुरक्षित जागी’ हे दोन शब्द घाटातल्या माणसाच्या बाजूने बोलतात.

राहिला गाडीच्या कंप्युटरचा प्रश्न. वर्कशॉपकडून स्कॅन रिपोर्ट मागून घ्या. काही गाड्यांत ऑइलचा दाब कमी झाल्याची नोंद P0524 या कोडने होते, आणि कोड पडला त्या क्षणी गाडीचा वेग, इंजिनाच्या फेऱ्या, तापमान काय होतं याची गोठवलेली नोंदही सोबत मिळते. पिवळा दिवा लागल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली हा आकडाही बऱ्याच गाड्या साठवतात. पण मर्यादा लक्षात ठेवा. साध्या गाड्यांत ऑइलच्या बटणाची वायर थेट मीटरला जाते, इंजिनाच्या कंप्युटरला पत्ताच नसतो. तिथे अशी नोंद सापडणार नाही. किलोमीटरचा तो आकडाही पिवळ्या दिव्याचा, ऑइलच्या दिव्याचा नव्हे. मेहुण्याच्या गाडीत कोड काहीच नव्हता. तो ना आमच्या बाजूचा पुरावा होता, ना त्यांच्या. मग सर्व्हेअरने ‘दीर्घकाळ चालवली’ हे कशावरून म्हटलं, एवढाच प्रश्न उरला.

वेळेचा हिशोब

आम्हाला एक गोष्ट नशिबाने मिळाली. मेहुण्याचा मित्र दुसऱ्या दिवशी सकाळी मोटारसायकलवर त्या जागी गेला आणि रस्त्यावरची ऑइलची धार जिथे सुरू होते तिथपासून गाडी थांबली होती तिथपर्यंत मोबाइलवर चित्रण केलं, लोकेशन चालू ठेवून. मोटारसायकलच्या मीटरवर अंतर भरलं नऊशे मीटर.

आता गणित सोपं आहे. उतरत्या वळणांवर ताशी तीस किलोमीटरचा वेग धरला तर नऊशे मीटरला एकशे आठ सेकंद लागतात. म्हणजे दगड लागल्यापासून गाडी थांबेपर्यंतचा पूर्ण वेळ दोन मिनिटांच्या आत. दिवा दगड लागताच नव्हे, ऑइल सांडून गेल्यावर लागणार, म्हणून दिवा लागल्यानंतरचा वेळ याहूनही कमी. हा आकडा आम्ही कमाल मर्यादा म्हणून मांडला. नेमके किती सेकंद ते मेहुण्यालाही सांगता येत नव्हतं, आणि सांगता येत नाही तिथे आकडा ठोकू नये. रोडसाइड असिस्टन्सच्या कॉलची वेळ आणि त्यांनी पाठवलेली लोकेशन लिंक सोबत जोडली, म्हणजे थांबण्याची जागा आणि वेळ तिसऱ्याच्या नोंदीने पक्की झाली.

तुमच्याकडे ऑइलची धार नसेल तर डॅशकॅम, फास्टॅगचा मेसेज, गूगल मॅप्सची टाइमलाइन, टोइंगवाल्याची पावती यांतून असाच हिशोब जुळवा. दोन पक्क्या वेळा आणि त्यांच्यामधलं अंतर मिळालं की पुरे.

आणि हिशोब तुमच्या विरोधात जात असेल तर? समजा दिवा लागल्यावर तुम्ही खरंच दहा किलोमीटर गेलात. मग दिवा दिसलाच नाही असं लिहू नका. चित्रण, टोल, मोबाइल यांतलं काहीतरी बाहेर येतंच, आणि मग पॅनचे पैसेही अडचणीत येतात. तेव्हा मागणी बदलायची. शर्त फक्त ‘वाढलेलं’ नुकसान तुमच्या माथी मारते, मूळ नुकसान नाही. तर मूळ किती आणि वाढलेलं किती हे सर्व्हेअरने वेगळं करून दाखवावं, आणि तेही नाही तर क्लेम काही टक्के कापून निकाली काढावा, असं मागायचं. अमलेंदू साहू विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या 2010 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, शर्तीचा भंग झाला होता तरी क्लेम पूर्ण नाकारू न देता त्यातली काही रक्कम द्यायला लावली होती. तो भाड्याने दिलेल्या गाडीचा प्रश्न होता, दिव्याचा नव्हता. तेव्हा आधार म्हणून वापरा, हमखास मिळेल असं समजू नका.

पत्र

पत्र दीड पानाच्या वर जाऊ देऊ नका. वाचणारा माणूस दिवसाला अशी पंचवीस पत्रं हातावेगळी करतो. रागाची विशेषणं काढून टाका. ‘फसवणूक’ हा शब्द तर मुळीच नको, तो लिहिला की उत्तर विधी विभागाकडे जातं आणि महिनाभर तिथेच पडून राहतं. मराठीत लिहायला हरकत नाही, पण शर्तीचे शब्द पॉलिसीत जसे छापले आहेत तसेच उतरवा. भाषांतरात त्यांचा अर्थ सरकतो. आम्ही पाठवलेलं पत्र, नावं वगळून:

> प्रति,
> तक्रार निवारण अधिकारी
> (कंपनीचं नाव व पत्ता)
>
> विषय: क्लेम क्र. ……, पॉलिसी क्र. ……, वाहन क्र. …… दि. …… च्या नामंजुरी पत्राविरुद्ध तक्रार
>
> महोदय,
>
> 1. दि. …… रोजी ताम्हिणी घाटात रस्त्यावरील दगड लागून माझ्या वाहनाचा ऑइल पॅन फुटला व इंजिनाचे नुकसान झाले. आपण ऑइल पॅनचे रु. 14,000 मंजूर केले असून इंजिनाचे रु. 1,86,000, इशारा देणारा दिवा लागूनही वाहन चालवल्याच्या कारणावरून नामंजूर केले आहेत. दगडाचा आघात व त्यामुळे झालेली ऑइल गळती आपण मान्य केली आहे.
>
> 2. माझ्या पॉलिसीत इंजिन संरक्षणाचे जादा कव्हर आहे. त्यातील कलम …… प्रमाणे वाहनाच्या खालच्या भागास अपघाती मार लागून झालेल्या ऑइल गळतीने इंजिनाचे होणारे नुकसान समाविष्ट आहे. (मूळ शब्द सोबत, परिशिष्ट 1.)
>
> 3. ऑइल सांडण्यास सुरुवात झाल्यापासून वाहन थांबेपर्यंतचे अंतर नऊशे मीटर आहे. (चित्रण, परिशिष्ट 2.) ताशी तीस किलोमीटर वेगाने हा वेळ दोन मिनिटांहून कमी होतो, व दिवा लागल्यानंतरचा वेळ त्याहून कमी. हा भाग वळणांचा असून कडेला थांबण्यास जागा नव्हती. जागा मिळताच मी वाहन थांबवले व …… वाजता रोडसाइड असिस्टन्सला कळवले. (कॉल नोंद, परिशिष्ट 3.) त्यानंतर वाहन चालवलेले नाही, ते टो करून नेले आहे.
>
> 4. सर्व्हे अहवालातील डॅशबोर्डचा फोटो वर्कशॉपमध्ये, इंजिन बंद असताना काढलेला आहे. त्यात इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा शून्यावर आहे. अशा स्थितीत ऑइलचा दिवा लागणे ही वाहनाची नेहमीची रचना आहे. (वाहन पुस्तिकेचे पान, परिशिष्ट 4.)
>
> 5. क्लेम फॉर्ममधील ‘थोडी देर बाद’ हे शब्द वर्कशॉपच्या कर्मचाऱ्याने लिहिलेले असून त्यांत कालावधी दिलेला नाही. वरील परिच्छेद 3 हा त्याचा खुलासा समजावा.
>
> 6. कृपया पुढील बाबी लेखी कळवाव्यात: (क) दिवा केव्हा लागला व त्यानंतर वाहन किती अंतर चालले हे कोणत्या नोंदीवरून ठरवले, (ख) वाहन आधी थांबवणे कोणत्या ठिकाणी शक्य होते, (ग) इंजिनाच्या नुकसानीपैकी किती भाग आघाताने व किती भाग त्यानंतर झाला, व हे कोणत्या तांत्रिक तपासणीवरून ठरवले.
>
> 7. काढलेले सुटे भाग वर्कशॉपमध्ये जपून ठेवले आहेत. आवश्यक वाटल्यास माझ्या उपस्थितीत फेरतपासणी करावी.
>
> 8. इंजिनाची देय रक्कम पॉलिसीच्या शर्तींनुसार मंजूर करावी ही विनंती. पत्र मिळाल्यापासून चौदा दिवसांत उत्तर न मिळाल्यास पुढील तक्रार करण्याचा माझा हक्क मी राखून ठेवत आहे.
>
> आपला विश्वासू,

परिच्छेद पाचबद्दल मेहुणा नाखूश होता. ‘आपणच कशाला ते शब्द काढायचे?’ असं त्याचं म्हणणं. पण ते शब्द त्याच्या सहीखाली होते, कंपनी ते वापरणारच होती. आपण आधी खुलासा केला तर तो खुलासा राहतो, नंतर केला तर ती सारवासारव दिसते.

परिच्छेद सहा हा पत्राचा कणा आहे. वर्कशॉपच्या टेबलावरून बघितलेलं सांगतो. झिजलेल्या बेअरिंगकडे बघून इंजिन ऑइलवाचून चाललं हे नक्की सांगता येतं, क्रँकवर निळसर डाग पडले तर ते तापलं हेही कळतं. पण ते चाळीस सेकंद चाललं की चार मिनिटं, हे नुसत्या डोळ्यांनी ठरवणं अवघड असतं. म्हणून (ग) चं उत्तर द्यायला कंपनीला कठीण जातं, आणि ते कठीण जावं म्हणूनच तो प्रश्न आहे. रक्कम मोठी असेल तर परवानाधारक स्वतंत्र सर्व्हेअरकडून किंवा ऑटोमोबाइल इंजिनिअरकडून दोन पानी मत घ्या. कंपनीच्या सर्व्हेअरचा अहवाल हा शेवटचा शब्द नसतो, हे न्यू इंडिया अॅश्युरन्स विरुद्ध प्रदीप कुमार या 2009 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे.

पत्रात मी मुद्दाम एकाही निकालाचं नाव घातलं नाही. पहिल्या पत्रात वस्तुस्थिती असू द्या. निकाल पुढे विमा लोकपालाकडे जाताना कामाला येतात.

पाठवणं आणि पुढचे टप्पे

पत्र कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेलने पाठवा, एजंट किंवा वर्कशॉपमार्फत नको. ईमेल आयडी पॉलिसीच्या शेवटच्या पानांवर असतो. सोबत एक प्रत स्पीड पोस्टनेही टाका, पावती जपा. तक्रार नंबर आला नाही तर तो मागून घ्या. त्याच दिवशी, किंवा उत्तर समाधानकारक नसेल तर नंतर, विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर (bimabharosa.irdai.gov.in) तीच तक्रार नोंदवता येते. फोनवरून नोंदवायची तर 155255. नियामक स्वतः क्लेमचा निवाडा करत नाही, तो तक्रार कंपनीकडेच ढकलतो. पण मग तिच्यावर तारीख पडते, आणि कंपनीतला वरचा माणूस फाइल उघडतो.

मधल्या काळात पॅनचे चौदा हजार देताना कंपनी ‘पूर्ण व अंतिम’ असा कागद पुढे करेल. पैसे नाकारायची गरज नाही. सहीच्या वर ‘इंजिनाच्या दाव्याचा हक्क राखून’ असं हाताने लिहा आणि त्याचा फोटो काढा.

मेहुण्याला बाराव्या दिवशी उत्तर आलं. दिव्याचा मुद्दा त्यात जवळपास नव्हताच. उलट नवीन कारण होतं, की गाडीची सर्व्हिस वेळेवर झाली नव्हती. हे पुष्कळदा होतं, आणि घाबरून सर्व्हिसच्या पावत्या शोधायला लागण्याआधी थांबा. नामंजुरीच्या पत्रात जे कारण दिलेलं नाही ते कंपनीला नंतर पुढे करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने गलाडा पॉवर विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स (2016) आणि सौराष्ट्र केमिकल्स विरुद्ध नॅशनल इन्शुरन्स (2019) या निकालांत म्हटलं आहे. दुसरं पत्र चारच ओळींचं गेलं: मूळ कारण सोडून दिलं आहे असं समजावं का, आणि नसेल तर परिच्छेद सहाची उत्तरं द्यावीत. सर्व्हिसच्या पावत्या होत्या, त्या जोडल्या, पण वाद त्यांच्यावर जाऊ दिला नाही.

कंपनीने नकार कायम ठेवला, किंवा महिनाभर काहीच कळवलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. महाराष्ट्रात मुंबई, पुणे आणि ठाण्याला कार्यालयं आहेत, गोव्यातल्या तक्रारी पुण्याकडे जातात. कंपनीच्या अंतिम नकारापासून एका वर्षाच्या आत जायला हवं. फी नाही, वकील लागत नाही आणि चालतही नाही. मात्र तोच वाद ग्राहक आयोगात किंवा कोर्टात चालू असेल तर लोकपाल हात लावत नाहीत, म्हणून दोन्हीकडे एकदम अर्ज करू नका. ग्राहक आयोगाला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, त्यामुळे आधी लोकपाल, आणि निर्णय मान्य नसेल तर आयोग, हा क्रम सोयीचा पडतो. तारखा तेवढ्या मोजत राहा.

सुनावणीला जाताना फाइलमध्ये सर्वांत वर तीन गोष्टी ठेवा: जादा कव्हरचं रेघ मारलेलं कलम, नऊशे मीटरचा हिशोब एका पानावर, आणि डॅशबोर्डचा तो फोटो, शून्यावरच्या काट्याभोवती पेनाने गोल काढलेला. मोबाइलवर तुमच्या चालू गाडीचा किंवा त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीचा दहा सेकंदांचा व्हिडिओही असू द्या: चावी ऑन, दिवा लागलेला, मग इंजिन सुरू, दिवा विझलेला. मेहुण्याने तो शेजाऱ्याच्या गाडीत काढला होता.